डीएफटीमध्ये सिग्नल सरकवला की काय बदलते: काल-विस्थापन आणि वारंवारता-विस्थापन, पायरीपायरीने

डीएफटीचे, म्हणजे डिस्क्रीट फूरियर ट्रान्सफॉर्मचे, गुणधर्म शिकताना दोन सूत्रे जोडीने येतात. पहिले सूत्र सांगते की सिग्नल काळात सरकवला तर स्पेक्ट्रमचे मॅग्निट्यूड तसेच राहते आणि फक्त फेज बदलतो. दुसरे सांगते की सिग्नलला एका फिरत्या घातांकी पदाने गुणले तर संपूर्ण स्पेक्ट्रम बाजूला सरकतो. सूत्रे पाठ करणे सोपे आहे, परंतु प्रत्यक्ष गणितात ती कोणत्या अटींवर लागू पडतात आणि कोठे मोडतात हे कागदावर एकदा करून पाहिल्याशिवाय पक्के होत नाही. म्हणून पुढे ४ सॅम्पलचे एक छोटे उदाहरण घेतले आहे. ते पेन-कागदाने पूर्ण सुटते, आणि या विषयातील बहुतेक खाचखळगे त्यात दिसतात.

पायरी १: मूळ डीएफटी काढून ठेवा

डीएफटीची व्याख्या अशी घेऊ:

```
X[k] = Σ x[n] · e^(-j2πkn/N),   n = 0 … N-1
```

घातांकातील ऋण चिन्ह लक्षात ठेवावे. पुढील सर्व चिन्हे त्यावरच अवलंबून आहेत, आणि NumPy, Octave या दोन्हींत हीच पद्धत वापरलेली आहे. आपला सिग्नल x = [4, 3, 2, 1] आहे. N = 4 असल्यामुळे e^(-j2π/4) ची किंमत -j होते, आणि गुणाकार 1, -j, -1, j या चारच संख्यांनी करावे लागतात.

```
X[0] = 4 + 3 + 2 + 1   = 10
X[1] = 4 - 3j - 2 + j  = 2 - 2j
X[2] = 4 - 3 + 2 - 1   = 2
X[3] = 4 + 3j - 2 - j  = 2 + 2j
```

मॅग्निट्यूड अनुक्रमे १०, २.८३, २, २.८३ येते आणि फेज ०°, -४५°, ०°, ४५° येतो. X[1] आणि X[3] एकमेकांच्या अनुबद्ध संख्या आहेत. सिग्नल वास्तव असेल तर असे असावेच लागते, आणि ही सममिती पुढे चूक पकडण्याच्या कामी येणार आहे.

पायरी २: सिग्नल एका सॅम्पलने उजवीकडे सरकवा

येथे सरकवणे म्हणजे चक्राकार सरकवणे. उजव्या टोकाकडून बाहेर पडलेले सॅम्पल डावीकडून पुन्हा आत येते, त्यामुळे [4, 3, 2, 1] चे [1, 4, 3, 2] होते. याची डीएफटी सरळ व्याख्येवरून काढली तर 10, -2-2j, -2, -2+2j मिळते. मॅग्निट्यूड पाहा: १०, २.८३, २, २.८३, म्हणजे काहीच बदललेले नाही. फेज मात्र ०°, -१३५°, १८०°, १३५° असा झाला आहे.

गुणधर्माचे सूत्र हेच सांगते. सिग्नल d सॅम्पलने उशिरा आला, तर

```
Y[k] = X[k] · e^(-j2πkd/N)
```

गुणणाऱ्या पदाचे मॅग्निट्यूड नेहमी १ असते, म्हणून X[k] चे मॅग्निट्यूड अबाधित राहते. त्या पदाचा फेज -३६०°·k·d/N असतो, आणि तो k बरोबर सरळ रेषेत वाढत जातो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. k क्रमांकाच्या बिनमधील, म्हणजे स्पेक्ट्रमच्या त्या क्रमांकाच्या घरातील, साइन लहर N सॅम्पलच्या खिडकीत बरोबर k आवर्तने पूर्ण करते. खिडकीच्या d/N एवढ्या भागाने ती मागे सरकली, तर ती k·d/N आवर्तनांनी मागे पडते. म्हणजे उशीर सर्व लहरींना सारखाच झाला तरी जलद लहरीला तोच उशीर कोनाच्या मापात जास्त पडतो. k = 0 हा स्थिर भाग असल्याने त्याला सरकण्याचे काहीच वाटत नाही, म्हणून त्याचा फेज कधीच बदलत नाही.

संगणकावर पडताळणी अशी करता येते:

```python
import numpy as np
x = np.array([4, 3, 2, 1])
N, d = len(x), 1
k = np.arange(N)
Y1 = np.fft.fft(np.roll(x, d))
Y2 = np.fft.fft(x) * np.exp(-2j*np.pi*k*d/N)
print(np.allclose(Y1, Y2))   # True
```

`np.roll` मध्ये धन d म्हणजे उजवीकडे, अर्थात उशिराच्या दिशेने सरकणे. उत्तर `False` आले तर बहुधा घातांकातील चिन्ह उलटे पडलेले असते. Octave मध्ये लिहीत असाल तर अ‍ॅरेचा पहिला घटक १ क्रमांकाचा असला तरी सूत्रातील k शून्यापासूनच मोजावा लागतो. ही गोष्ट विसरली तर सर्व बिनांच्या फेजमध्ये एकसारखी जादा भर पडते, आणि ती k = 0 च्या फेजवरून लगेच दिसून येते.

पायरी ३: फेजवरून उशीर परत काढून पाहा

सूत्र खरोखर समजले का, हे उलट प्रश्नावरून कळते: x आणि y हे दोन सिग्नल दिले असता y किती सॅम्पलने उशिरा आहे? नवखे विद्यार्थी अनेकदा y च्या एकट्या फेजचा आलेख काढून त्याचा उतार मोजतात. तसे करून चालत नाही, कारण x चा स्वतःचाही फेज असतो. आपल्या उदाहरणात y चा फेज ०°, -१३५°, १८०°, १३५° आहे, आणि त्यात कोणतीही सरळ रेषा दिसत नाही. दोन्ही फेजांची वजाबाकी करावी लागते, आणि त्यासाठी Y[k] ला X[k] च्या अनुबद्ध संख्येने गुणून त्या गुणाकाराचा कोन घ्यावा.

वजाबाकी केली की ०°, -९०°, १८०°, ९०° मिळते. हेही रेषेसारखे दिसत नाही, कारण कोन सांगणारे फंक्शन उत्तर नेहमी -१८०° ते १८०° याच पट्ट्यात देते. त्या पट्ट्याबाहेर गेलेल्या कोनात ३६०° मिळवले किंवा वजा केले जातात. १८०° चे -१८०° केले आणि ९०° चे -२७०° केले, की ०°, -९०°, -१८०°, -२७०° अशी नेमकी रेषा उघड होते. उतार प्रति बिन -९०° आहे. -३६०°·d/४ = -९०° यावरून d = १ मिळतो. NumPy मध्ये हे काम `np.unwrap` करते.

येथे एक मर्यादा आहे, आणि ती फंक्शनची नसून मूळ गणिताची आहे. शेजारच्या दोन बिनांमधील फेजचा खरा फरक १८०° पेक्षा जास्त असेल, तर तो कोणत्या बाजूचा हे सांगता येत नाही. d = ३ असता प्रति बिन फरक -२७०° असतो, आणि तो +९०° सारखाच दिसतो. चक्राकार जगात ३ सॅम्पलने उजवीकडे जाणे आणि १ सॅम्पलने डावीकडे जाणे एकच असल्याने यात विसंगती काही नाही. पण प्रत्यक्ष मोजमापात उशीर N/2 पेक्षा कमी राहील एवढा N घेणे आपली जबाबदारी ठरते.

दुसरी अडचण कमकुवत बिनांची. x = [1, 1, 1, 1] घेतला तर X = [4, 0, 0, 0] येतो. शून्य मॅग्निट्यूडच्या बिनाला फेज नसतो, तरीही पुष्कळदा गणनेतील १०⁻¹⁶ एवढ्या उरलेल्या कचऱ्यावरून संगणक कोणता तरी कोन छापतो. तो कोन ४०° आहे की -१२०°, याला काही अर्थ नाही. फेजचा आलेख काढण्यापूर्वी सर्वांत मोठ्या मॅग्निट्यूडच्या तुलनेत अगदी लहान असलेले बिन गाळून टाकण्याची सवय लावून घ्यावी. फेजचा आलेख विस्कटलेला दिसला की मी प्रथम मॅग्निट्यूडचा आलेख उघडतो, आणि बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते.

पायरी ४: चक्राकार आणि साधे सरकणे यांची गल्लत टाळा

या गुणधर्माबद्दलचे सर्वाधिक गैरसमज येथे होतात. प्रत्यक्षात उशिरा आलेला सिग्नल खिडकीच्या दुसऱ्या टोकाने आत येत नाही. मायक्रोफोनचा आवाज एका सॅम्पलने उशिरा आला, तर खिडकीत [0, 4, 3, 2] दिसते आणि शेवटचा १ बाहेर राहतो. याच्या डीएफटीचे पहिले पद ९ आहे, १० नव्हे. म्हणजे मॅग्निट्यूडच बदलले. अशा वेळी गुणधर्म खोटा ठरलेला नसतो, त्याची अट पाळलेली नसते.

उपाय सोपा आहे. सिग्नलच्या शेवटी शून्ये जोडून त्याला पुरेशी जागा द्यावी. [4, 3, 2, 1, 0, 0, 0, 0] हा ८ सॅम्पलचा सिग्नल ४ सॅम्पलपर्यंत सरकवला तरी टोकावरून फक्त शून्येच फिरून येतात, त्यामुळे चक्राकार आणि साधे सरकणे एकच होऊन जाते. सिग्नलची लांबी L आणि जास्तीत जास्त उशीर D असेल, तर N किमान L + D असावा. सलग वाहणाऱ्या रेकॉर्डिंगमधून तुकडे घेत असाल तर शून्ये जोडूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण प्रत्येक तुकड्याच्या टोकाला नवे सॅम्पल येतात आणि जुने निघून जातात. तेथे उशीर तुकड्याच्या लांबीच्या मानाने लहान ठेवावा आणि टोकांकडे शून्याकडे उतरणारी विंडो लावावी. मग गुणधर्म तंतोतंत नव्हे, पण कामापुरता लागू पडतो.

पायरी ५: अर्ध्या सॅम्पलने सरकवायचे असेल तर

सूत्रात d पूर्णांक असलाच पाहिजे असे दिसत नाही, म्हणून d = ०.५ ठेवून पाहण्याचा मोह होतो. k = 0, 1, 2, 3 तसेच ठेवून गुणले तर X[1] चा फेज -४५° - ४५° = -९०° होतो, आणि X[3] चा ४५° - १३५° = -९०° होतो. पहिल्या पायरीतील सममिती आठवा: हे दोन कोन परस्परांच्या विरुद्ध चिन्हाचे असायला हवे होते. ते तसे नसल्यामुळे इन्व्हर्स डीएफटी काढल्यावर सिग्नलमध्ये काल्पनिक भाग येतो.

चूक k च्या अर्थात आहे. चौथा बिन हा ३ आवर्तनांचा नसून -१ आवर्तनाचा समजावा लागतो. पूर्णांक d साठी दोन्ही अर्थ एकच उत्तर देतात, म्हणून आतापर्यंत ही गोष्ट लपून राहिली. k च्या जागी 0, 1, -2, -1 घेतले तर X[3] चा फेज ४५° + ४५° = ९०° होतो आणि सममिती परत मिळते. `np.fft.fftfreq(N) * N` नेमकी हीच यादी देते. मधला बिन, म्हणजे k = N/2, जोडीदाराविना एकटा असतो. त्याला घातांकाने न गुणता cos(πd) ने गुणावे; येथे cos(९०°) = ० असल्याने तो नाहीसा होतो. या रीतीने मिळालेला सिग्नल [2.5, 3.914, 2.5, 1.086] आहे. तो वास्तव आहे, त्याची बेरीज १० च आहे, पण मधल्या बिनाचे मॅग्निट्यूड २ वरून ० झाले. सम N मध्ये अपूर्णांकी सरकण्याची ही किंमत त्या एका बिनापुरती मोजावीच लागते.

पायरी ६: आता वारंवारतेत सरकवा

दुसरा गुणधर्म पहिल्याचेच प्रतिबिंब आहे. काळात सरकवल्यावर स्पेक्ट्रमला फिरते पद गुणले गेले होते; आता सिग्नललाच फिरते पद गुणायचे आणि स्पेक्ट्रम सरकताना पाहायचा.

```
y[n] = x[n] · e^(j2πmn/N)   ⇒   Y[k] = X[k-m]
```

m = 1 घेतला तर गुणणारी पदे 1, j, -1, -j अशी येतात, आणि y = [4, 3j, -2, -j] होतो. त्याची डीएफटी 2+2j, 10, 2-2j, 2 येते. जुनी यादी 10, 2-2j, 2, 2+2j होती. प्रत्येक संख्या एक घर पुढे गेली आणि शेवटची फिरून पहिल्या घरात आली. मॅग्निट्यूड आणि फेज दोन्ही आपापल्या संख्येबरोबर जसेच्या तसे हलले. फेजमध्ये नवी भर पडली नाही. दोन गुणधर्मांतील खरा फरक हाच आहे. काल-विस्थापनात मॅग्निट्यूडचा आलेख जागचा हलत नाही, आणि वारंवारता-विस्थापनात तो आकार न बदलता संपूर्णच हलतो.

y आता संमिश्र झाला आहे, म्हणून अनुबद्ध सममितीही गेली. वास्तव सिग्नल हवा म्हणून केवळ कोसाइनने गुणले, तर स्पेक्ट्रमच्या दोन प्रती होतात: अर्धी m ने उजवीकडे आणि अर्धी m ने डावीकडे. m = 1 साठी कोसाइनच्या किमती 1, 0, -1, 0 आहेत, म्हणून सिग्नल [4, 0, -2, 0] आणि त्याची डीएफटी 2, 6, 2, 6 येते. पहिल्या बिनात X[3] आणि X[1] यांचे अर्धे भाग एकत्र आले आहेत. दोघांचेही मॅग्निट्यूड २.८३, म्हणून बेरीजही २.८३ येईल असे वाटते, पण प्रत्यक्षात २ येते, कारण त्यांचे फेज ४५° आणि -४५° आहेत आणि काल्पनिक भाग एकमेकांना खोडतात. प्रती एकमेकींवर चढल्या की मॅग्निट्यूडची बेरीज करता येत नाही. संमिश्र संख्यांचीच बेरीज करावी लागते.

m पूर्णांक नसेल तर काय होते, ते स्थिर सिग्नलवर स्वच्छ दिसते. [1, 1, 1, 1] चा स्पेक्ट्रम [4, 0, 0, 0] आहे. तो m = ०.५ ने सरकवला तर मॅग्निट्यूड २.६१, २.६१, १.०८, १.०८ होते. एका बिनातील एकच टोक चारही बिनांत सांडले. वर्गांची बेरीज मात्र १६ च राहते, म्हणजे ऊर्जा हरवलेली नाही, फक्त पसरली आहे. येथे `Y[k] = X[k-m]` हे सूत्र वापरताच येत नाही, कारण अर्ध्या क्रमांकाचा बिन डीएफटीत अस्तित्वात नाही.

पायरी ७: दोन्ही गुणधर्म एकाच यंत्रात

४जी म्हणजे एलटीई मोबाइलच्या रिसीव्हरमध्ये हे दोन्ही गुणधर्म क्षणोक्षणी वापरले जातात. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलसाठी तेथे सर्वसाधारणपणे २०४८ बिनांची डीएफटी घेतली जाते, दोन बिनांत १५ किलोहर्ट्झचे अंतर असते आणि त्यांपैकी १२०० बिनांवर माहिती पाठवली जाते. प्रत्येक सिंबॉलच्या, म्हणजे एका डीएफटीत मावणाऱ्या सॅम्पलच्या तुकड्याच्या, शेवटचे काही सॅम्पल, बहुतेक सिंबॉलांसाठी १४४, उचलून सुरुवातीला पुन्हा जोडलेले असतात. यामुळे रिसीव्हरची खिडकी त्या जोडलेल्या भागात थोडी लवकर उघडली तरी चौथ्या पायरीतील अट आपोआप पाळली जाते: सरकणे चक्राकार होते आणि मॅग्निट्यूड शाबूत राहते. खिडकी उशिरा उघडली तर मात्र पुढच्या सिंबॉलचे सॅम्पल आत येतात आणि हे संरक्षण संपते. म्हणून थोडे लवकर उघडणेच सुरक्षित.

एका सॅम्पलच्या चुकीने प्रति बिन ३६०°/२०४८, म्हणजे सुमारे ०.१७६° फेज फिरतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १२०० बिनांच्या टोकापर्यंत तो सुमारे २११° होतो, आणि तो न सुधारता माहिती वाचली तर पट्ट्याच्या एका कडेचे बिट उलटे वाचले जातील. सुधारणेसाठी आधीच माहीत असलेले संदर्भ-सिग्नल एकाच सिंबॉलमध्ये दर सहाव्या बिनावर ठेवलेले असतात. सहा बिनांत एका सॅम्पलमागे १.०५५° फेज फिरतो, म्हणून पूर्ण १४४ सॅम्पलच्या चुकीलाही फरक सुमारे १५२° भरतो. तो १८०° च्या आत असल्यामुळे तिसऱ्या पायरीतील संदिग्धता येथे उद्भवत नाही.

वारंवारतेची चूक वेगळ्या वाटेने येते. रिसीव्हरचे घड्याळ दशलक्षात एका भागाने चुकले, तर १.८ गिगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर १८०० हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे ०.१२ बिन. हा अपूर्णांक असल्याने सहाव्या पायरीप्रमाणे गळती होते: बिनातील स्वतःचे मॅग्निट्यूड ०.९८ पटीच्या आसपास उतरते, आणि लगतच्या एका बिनात त्याचा सुमारे १३ टक्के अंश जातो. एकदा सर्व बिन असे एकमेकांत मिसळले की डीएफटीनंतर प्रत्येक बिनाला एकेका संख्येने गुणून ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून वारंवारतेची चूक डीएफटीच्या आधी, सॅम्पलनाच e^(-j2π·0.12·n/2048) ने गुणून काढली जाते, आणि वेळेची चूक डीएफटीनंतर, फेजचा उतार मोजून, बिनागणिक एका गुणाकाराने.